घंटा आधी, शब्द नंतर

कॅथलिक चर्चच्या मनोऱ्यातली घंटा दिवसातून तीनदा एका ठरावीक चालीवर वाजते: सकाळी, दुपारी बाराला आणि दिवेलागणीला. मिस्साची घंटा सलग वाजते आणि मयताची संथपणे एकेक ठोका देत जाते. ही घंटा दोन्हींपेक्षा वेगळी. आधी तीन ठोके पडतात आणि घंटा थांबते. पुन्हा तीन ठोके, पुन्हा विराम. आणखी तीन ठोके, विराम, आणि शेवटी ओळीने नऊ ठोके. काही गावांत नवाचा हिशेब न ठेवता शेवटी थोडा वेळ नुसती घंटा वाजवतात. पण सुरुवातीचे तीन-तीन-तीन सगळीकडे सारखे, आणि ते कानावर पडले की भाविक हातातलं काम थांबवून एक छोटी प्रार्थना म्हणतो. लॅटिनमध्ये तिची सुरुवात ‘देवदूत’ या शब्दाने होते, म्हणून तिचं नाव पडलं अँजेलस.

पहिल्यांदा ऐकणाऱ्याला मधले विराम चुकल्यासारखे वाटतात. खरं तर प्रार्थना त्या विरामांतच असते. तीन ठोके संपले की एक जण श्लोकाचा पहिला भाग म्हणतो, बाकीचे त्याला उत्तर देतात आणि मग सगळे मिळून ‘नमो मरिया’ म्हणतात. तेवढं होईपर्यंत घंटा वाजवणारा दोर धरून उभा असतो. जुने वाजवणारे घड्याळ बघत नसत. तेही मनात तीच प्रार्थना म्हणत आणि ती संपली की पुढचे ठोके देत, त्यामुळे विराम आपोआप बरोबर पडे. आता पुष्कळ ठिकाणी वीजयंत्राला वेळ लावून घंटा वाजवतात. विराम आखूड लावला तर खालच्या माणसाचं ‘नमो मरिया’ अर्ध्यावर असतानाच पुढचे ठोके सुरू होतात. यंत्र नीट लावलंय की नाही, हे ओळखायची याहून सोपी खूण नाही.

या प्रार्थनेत काय म्हणतात? तिन्ही श्लोक मिळून एक कथा सांगतात. नाझरेथ गावातल्या मरियेकडे देवदूत गाब्रिएल येतो आणि तुझ्या पोटी देवाचा पुत्र जन्माला येईल असं सांगतो, ही लूकच्या शुभवर्तमानातली पहिल्या अध्यायातली घटना. पहिला श्लोक म्हणणारा सांगतो, की परमेश्वराच्या दूताने मरियेला निरोप दिला. ऐकणारे उत्तर देतात, की पवित्र आत्म्याच्या योगाने ती गर्भवती झाली. दुसऱ्या श्लोकात बोलणारी मरिया स्वतः आहे. ती स्वतःला परमेश्वराची दासी म्हणवते, आणि उत्तरात तिचाच होकार येतो, की तू सांगितलंस तसंच माझ्या बाबतीत होवो. तिसरा श्लोक लूकला सोडून योहानाच्या शुभवर्तमानाकडे वळतो: देवाचा शब्द देह धारण करून आला आणि आम्हां माणसांत राहिला. निरोप, होकार आणि जन्म, अशा तीन पायऱ्या. प्रत्येक पायरीनंतर एक ‘नमो मरिया’.

दुसऱ्या श्लोकाची रचना मला विशेष वाटते. पहिला आणि तिसरा श्लोक घडलेली गोष्ट सांगतात, तर मधल्या श्लोकात जमलेले लोक मरियेचं बोलणं स्वतःच्या तोंडाने बोलतात. शेतातला माणूस, स्वयंपाकघरातली बाई, शाळेतलं पोर, जो कोणी उत्तर देईल तो त्या क्षणी तिच्या होकारात आपला होकार मिळवतो. उत्तर-प्रत्युत्तराचा घाट नसता, तर ही प्रार्थना एक कथा सांगून संपली असती.

तिसऱ्या श्लोकाला, म्हणजे देव माणूस झाला या शब्दांना, गुडघा टेकण्याची रीत आहे. एरवी ही प्रार्थना गुडघे टेकून म्हणायची, पण शनिवारच्या संध्याकाळी आणि रविवारी उभं राहून. रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी गुडघे टेकायचे नाहीत, हा ख्रिस्ती समाजातला फार जुना दंडक इथेही पाळला गेला. तिन्ही श्लोकांनंतर देवाची माता मरिया हिला आमच्यासाठी विनंती कर असं सांगितलं जातं, आणि मग एक समारोपाची प्रार्थना येते. तिच्याकडे आपण पुन्हा येऊ, कारण या रचनेचं मर्म तिच्यात आहे.

इतकी नीटस बांधणी पाहून वाटतं, की कुण्या संताने एका बैठकीत हे सगळं लिहिलं असावं आणि मग ते म्हणायची आठवण राहावी म्हणून घंटेची सोय केली असावी. घडलं नेमकं उलटं. घंटा तेराव्या शतकापासून वाजते आहे, आणि आजचे श्लोक छापलेले सापडतात ते सोळाव्या शतकात. दोनशे-अडीचशे वर्षं लोक ही घंटा ऐकून हे श्लोक म्हणतच नव्हते. ते म्हणत होते फक्त तीन ‘नमो मरिया’, आणि तेही आजचं पूर्ण नव्हे. त्या काळी ‘नमो मरिया’त देवदूताचं आणि अलीशिबेचं मरियेला उद्देशून केलेलं अभिवादन तेवढं असे. आम्हां पाप्यांसाठी विनंती कर, हा उत्तरार्ध हळूहळू जोडला गेला आणि 1568 साली पाचवे पायस यांच्या प्रार्थनाग्रंथात कायमचा ठरला.

मग तीनच का? याचं मूळ मठांत आहे. युरोपातले संन्यासी दिवसाच्या ठरावीक प्रहरांना एकत्र जमून प्रार्थना करत. पहाटेच्या आणि रात्रीच्या प्रार्थनेच्या वेळी तीन भागांची एक छोटी खासगी प्रार्थना करायची त्यांची चाल होती, आणि तिच्यासाठी घंटा तीन वेळा थांबत-थांबत वाजवत. रात्रीच्या प्रार्थनेची ही घंटा गावालाही ऐकू जाई. त्याच सुमारास युरोपातल्या शहरांत आणखी एक सरकारी घंटा वाजायची. घरं लाकडाची आणि छपरं गवताची, तेव्हा रात्री चुलीतला विस्तव झाकून ठेवा असं ती सांगे. माणसं घरी परतलेली, कामं आटोपलेली, आणि मठाची घंटा वाजते आहे. सामान्य माणसाला लॅटिन स्तोत्रं पाठ नसत, पण ‘नमो मरिया’ प्रत्येकाला येई. घंटेच्या तीन भागांना तीन ‘नमो मरिया’, एवढं सोपं गणित तिथे जुळून आलं.

ही सवय गावोगाव पसरवण्यात फ्रान्सिस्कन संन्याशांचा वाटा मोठा. संत बोनाव्हेंचर त्यांचे प्रमुख असताना, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, संघाच्या सभेने असं ठरवलं, की संध्याकाळची घंटा वाजली की लोकांना मरियेला वंदन करायला सांगावं. देवदूत मरियेकडे आला तो संध्याकाळच्या वेळी, अशी तेव्हा समजूत होती. त्यामुळे ही वेळ भाविकांना पटकन पटली. उत्तर इटलीतल्या मिलानमध्ये बोनवेसिन दा ला रीव्हा नावाचा एक शिक्षक-कवी होऊन गेला. शहरात आणि आसपासच्या गावांत संध्याकाळी मरियेसाठी घंटा वाजवण्याची प्रथा याने सुरू केली, असं त्याच्या समाधीवर नोंदवलेलं होतं. आयुष्यभर लिहिणाऱ्या माणसाच्या समाधीवर घंटेची नोंद व्हावी, यावरून ती त्या काळच्या लोकांना किती मोलाची वाटली असेल ते कळतं.

लोकांनी आधी सुरू केलेल्या गोष्टीला पोपची मान्यता नंतर मिळाली. फ्रान्समधल्या सँत या गावी संध्याकाळच्या घंटेला तीन ‘नमो मरिया’ म्हणत. 1318 साली बाविसावे जॉन यांनी त्या रिवाजाची वाखाणणी केली, आणि 1327 मध्ये रोममधल्या आपल्या प्रतिनिधीला पत्र लिहून तिथेही रोज संध्याकाळी अशी घंटा वाजवायला सांगितलं. सकाळच्या घंटेची कथा मात्र वेगळी आहे. इटलीतल्या पार्मा शहराच्या बखरीत 1318 सालची नोंद आहे, की सकाळी घंटा झाली की शहरात शांतता नांदावी म्हणून लोकांनी तीनदा ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ आणि तीनदा ‘नमो मरिया’ म्हणावं. गटातटांच्या मारामाऱ्यांनी पार्मा तेव्हा पोखरून गेलं होतं. संध्याकाळची घंटा मठातून आली, तर सकाळची नगराच्या चिंतेतून.

दुपारची घंटा सगळ्यांत धाकटी, आणि तिच्याभोवतीच सर्वाधिक दंतकथा आहेत. आधी ती फक्त शुक्रवारी वाजे. येशूला क्रुसावर खिळलं तो वार शुक्रवार, म्हणून प्राग आणि माईन्झसारख्या धर्मप्रांतांनी चौदाव्या-पंधराव्या शतकात त्या दिवशी दुपारी घंटा वाजवून क्रुसाचं स्मरण करायची आज्ञा काढली. ती रोजची झाली एका युद्धामुळे.

1453 साली तुर्कांचा तरुण सुलतान दुसरा मेहमेद याने कॉन्स्टँटिनोपल जिंकलं. तीन वर्षांनी तो डॅन्यूब नदीवरच्या बेलग्रेडवर चालून निघाला. बेलग्रेड तेव्हा हंगेरीच्या राज्यातलं ठाणं, आणि ते पडलं तर मध्य युरोपची वाट मोकळी होणार होती. पोप तिसरे कॅलिक्स्टस सत्तरीच्या पुढचे, आणि मदतीला यायला राजे तयार नव्हते. अशा वेळी 29 जून 1456 रोजी त्यांनी फर्मान काढलं: दुपार कलल्यापासून सायंप्रार्थनेपर्यंतच्या वेळात प्रत्येक चर्चमध्ये संध्याकाळसारखीच तीनदा घंटा वाजवावी, आणि ती ऐकून लोकांनी लढणाऱ्यांसाठी तीनदा ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ आणि तीनदा ‘नमो मरिया’ म्हणावं. वेढा पडला जुलैच्या पहिल्या आठवड्यात. हंगेरीचा सेनापती यानोश हुन्यादी आणि शेतकऱ्यांची फौज जमवून आणणारा वृद्ध फ्रान्सिस्कन प्रचारक जॉन कापिस्त्रानो यांनी 22 जुलैला सुलतानाचं सैन्य मागे रेटलं. छावणीत उसळलेल्या रोगाने दोघेही त्याच वर्षी गेले.

विजयाची बातमी रोमला पोचली 6 ऑगस्टला. म्हणजे फर्मान आधीचं आणि विजय नंतरचा. तरीही हंगेरीत आजही शाळकरी मुलांपासून सगळे सांगतात, की दुपारची घंटा वाजते ती बेलग्रेडच्या विजयाच्या स्मरणार्थ. यात चूक कशी शिरली तेही समजतं. दूरच्या गावांत फर्मान आणि विजयाची बातमी बहुधा मागेपुढे पोचली असणार, आणि लोकांनी घंटेला आनंदाचा अर्थ दिला. मागितली होती काकुळतीने, आठवली गेली जल्लोषाने. दुसरी दंतकथा याहून रंगतदार आहे. त्याच वर्षी जूनमध्ये आकाशात धूमकेतू दिसत होता, पुढे हॅलेच्या नावाने ओळखला गेला तो हाच. पोपने त्या धूमकेतूला शाप दिला आणि त्याला पळवायला घंटा सुरू केली, असं अनेक पुस्तकांत छापलं गेलं. फर्मानात धूमकेतूचा उल्लेखसुद्धा नाही.

बेलग्रेडचं संकट टळलं, पण दुपारची घंटा टिकली, कारण तिला नवं कारण मिळालं. 1472 मध्ये फ्रान्सचा राजा अकरावा लुई याने आपल्या राज्यात दुपारच्या घंटेला गुडघे टेकून शांततेसाठी प्रार्थना करायला सांगितलं.

अशा रीतीने तीन वेळांच्या तीन घंटा वेगवेगळ्या गरजांमधून आल्या होत्या आणि प्रत्येकीसाठी म्हणायचे शब्दही सारखे नव्हते. मग भाविकांनी त्यांना एक अर्थ लावला: सकाळी पुनरुत्थानाचं स्मरण, दुपारी क्रुसावरच्या यातनांचं आणि संध्याकाळी देव माणूस झाला त्या क्षणाचं. सोळाव्या शतकात, ‘नमो मरिया’ कुठलं म्हणतोय ते लक्षात राहावं म्हणून प्रत्येकाआधी एकेक श्लोक जोडायची पद्धत रूढ झाली. 1560 साली व्हेनिसला छापलेल्या एका धर्मशिक्षणाच्या पुस्तकात आजच्या स्वरूपाचा पाठ मिळतो, आणि 1571 मध्ये पाचवे पायस यांच्या काळात छापलेल्या मरियेच्या लघुप्रार्थनेच्या पोथीतही. तीनही वेळांना तेच श्लोक म्हणायचे, हे त्यानंतर सर्वत्र पसरलं.

श्लोक संध्याकाळच्या घंटेचे आहेत, हे इथे ध्यानात येतं. ते फक्त देवदूताच्या निरोपाची कथा सांगतात, क्रुसाबद्दल किंवा पुनरुत्थानाबद्दल त्यांत अक्षर नाही. मग सकाळ आणि दुपार कुठे गेली? ती आहे समारोपाच्या प्रार्थनेत. ही प्रार्थना श्लोकांपेक्षा कितीतरी जुनी, लॅटिन उपासनेच्या प्राचीन ग्रंथांत मरियेला मिळालेल्या निरोपाच्या सणासाठी आलेली. तिच्यात देवाकडे एकच मागणं आहे: तुझी कृपा आमच्या अंतःकरणात ओत, म्हणजे देवदूताच्या निरोपाने तुझा पुत्र माणूस झाल्याचं ज्यांना कळलं, ते आम्ही त्याच्या यातना आणि क्रूस यांच्याद्वारे पुनरुत्थानाच्या वैभवाला पोचू. एका वाक्यात निरोप, क्रूस आणि पुनरुत्थान, म्हणजेच संध्याकाळ, दुपार आणि सकाळ. ज्याने कुणी ही जुनी प्रार्थना निवडून श्लोकांच्या शेवटी बसवली, त्याने वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या तीन घंटा एका दोरात बांधल्या. हीच प्रार्थना आजही नाताळच्या आधीच्या रविवारी मिस्साच्या सुरुवातीला म्हणतात.

पुढे फारसं बदललं नाही. 1742 मध्ये चौदावे बेनेडिक्ट यांनी ठरवलं, की ईस्टरपासून पेंटेकॉस्टपर्यंत अँजेलसऐवजी ‘रेजीना चेली’ हे आनंदाचं मरियास्तोत्र उभं राहून म्हणावं. 1884 मध्ये तेरावे लिओ यांनी कामात अडकलेल्यांचा विचार केला. घंटा ऐकू आली नाही किंवा गुडघे टेकणं शक्य नसलं, तरी प्रार्थना पूर्णच मानली जाईल, असं त्यांनी जाहीर केलं. शहरं वाढत होती, कारखान्यांच्या आवाजात मनोरे हरवत होते, आणि ही सवलत वेळेवर आली. 1954 पासून पोप ही प्रार्थना लोकांबरोबर म्हणू लागले, आणि आता दर रविवारी दुपारी बाराला व्हॅटिकनच्या खिडकीतून ती म्हटली जाते.

ही प्रार्थना ख्रिस्ती नसलेल्यांपर्यंत पोचली ती एका चित्रातून. फ्रेंच चित्रकार झाँ-फ्राँस्वा मिले यांनी 1857 ते 1859 या काळात रंगवलेलं ‘लाँजेल्यूस’ पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. बटाट्याच्या शेतात एक पुरुष टोपी हातात धरून उभा आहे, समोर स्त्री हात जोडून वाकली आहे, जमिनीवर टोपली आणि मागे क्षितिजावर चर्चचा छोटा मनोरा. मनोरा मिले यांनी नंतर रंगवला. आपली आजी शेतात काम करताना घंटा ऐकली की सगळ्यांना थांबवून मेलेल्या गरिबांसाठी ही प्रार्थना म्हणायला लावायची, अशी आठवण त्यांनी लिहून ठेवली आहे. मनोरा काढून टाकला तर चित्रात उरतात फक्त दोन दमलेली माणसं. त्या इवल्याशा मनोऱ्यामुळे ती कशासाठी थांबली आहेत ते कळतं.

आयर्लंडमध्ये घंटा नभोवाणीवर आली. 15 ऑगस्ट 1950 पासून डब्लिनच्या चर्चमधली घंटा रोज प्रसारित होऊ लागली, आणि पुढे दूरचित्रवाणीवर संध्याकाळी सहाच्या बातम्यांआधीही. तिथेही अठरा ठोके: तीन-तीन-तीन-नऊ. प्रसारण मात्र साधारण मिनिटाचं, आणि एका मिनिटात पूर्ण प्रार्थना बसत नाही. शब्द नाहीत, फक्त घंटा आणि पडद्यावर काम थांबवून उभी राहिलेली माणसं. सरकारी वाहिनीवर एका धर्माची घंटा असावी का, हा वाद तिथे अधूनमधून होतो. त्या वादाला दोन्हीकडून तोलाची बाजू आहे. पण एक गोष्ट लक्षात घ्यावी: शब्द गळून नुसती घंटा उरली, म्हणजे ही प्रथा तेराव्या शतकात जिथून निघाली, जवळपास तिथेच येऊन पोचली.

आपल्याकडे ही घंटा पोर्तुगीजांबरोबर आली. गोव्यात तिला आमोरी म्हणतात. संध्याकाळची आमोरी झाली की मुलांनी बाहेर राहायचं नाही, हा घरोघरचा नियम, आणि प्रार्थना आटोपली की लहानांनी मोठ्यांपुढे येऊन ‘बेसांव’ म्हणजे आशीर्वाद मागायचा. वसईतही पोर्तुगीजांची अनेक चर्च होती. 1739 साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी विजयाच्या खुणा म्हणून आणल्या आणि देवळांत टांगल्या. नाशिकच्या गोदाकाठची नारोशंकराची घंटा त्यांतली प्रसिद्ध, तिच्यावर 1721 हे साल आहे. भीमाशंकरलाही अशी घंटा आहे. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या घाटावर टांगलेली घंटा 1707 सालची, आणि तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मरियेची आकृती आहे. चर्चच्या मनोऱ्यातली घंटा म्हणजे दिवसातून तीनदा ही प्रार्थना पुकारणं तिच्या रोजच्या कामातलं.

पुढच्या वेळी मेणवलीच्या घाटावर गेलात, तर घंटेचा फोटो काढून पुढे जाऊ नका. जवळ जाऊन तिच्यावरची मरिया शोधा, साल वाचा. आणि वसईत किंवा गोव्यात दुपारी बाराला असलात तर ठोके मोजा. तीन-तीन-तीन आणि मग नऊ लागले, की ती अँजेलस.